व्याजाच्या दाखल्याची दुसरी प्रत: अर्जात काय लिहावं?

श्रोतेहो, नमस्कार.

आर्थिक वर्ष 2025-26 चं विवरणपत्र भरायची वेळ आली की बँकेनं दिलेला व्याजाचा दाखला नेमका सापडत नाही. मग शाखेत जाऊन दुसरी प्रत मागावी लागते. ज्येष्ठांचे असे अर्ज बहुतेक वेळा दोन ओळींचे असतात, ‘दाखला हरवला आहे, कृपया दुसरा द्यावा’. यावर बँक काहीतरी देते, पण ते हवं तेच असेल असं नाही.

विषयाची ओळच नीट लिहिली तर निम्मं काम होतं. ‘पावती हरवली’ असं चुकूनही लिहू नका. ठेवीची पावती हरवली म्हटलं की बँक हमीपत्र मागू शकते. व्याजाचा दाखला हा फक्त खात्याचा उतारा आहे, तो पुन्हा छापून देता येतो. म्हणून विषय असा लिहा: ‘आर्थिक वर्ष 2025-26 साठी व्याज प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळण्याबाबत’.

आता मजकूर. पहिल्या वाक्यात कालावधी तारखांसकट येऊ द्या: ‘1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026’. नुसतं ‘2026 चा दाखला’ लिहिलं तर जानेवारीपासूनचा किंवा चालू वर्षाचा कागद हातात पडू शकतो. त्याच्या खाली आपला ग्राहक क्रमांक आणि पॅन लिहा. ग्राहक क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर बहुधा असतो. एकाच बँकेत आपले दोन ग्राहक क्रमांक असतील, एक जुन्या शाखेतला आणि एक नंतरचा, तर दोन्ही लिहा, नाहीतर अर्ध्याच ठेवी दाखल्यात येतात.

अर्जातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य यापुढचं आहे: ‘बचत खातं, चालू मुदत ठेवी आणि वर्षभरात मुदत संपलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या ठेवी, या सर्वांवरील दिलेलं तसंच जमा धरलेलं व्याज आणि कापलेला टीडीएस दाखवावा.’ वाक्य लांब आहे, पण ते का हवं ते एका हिशोबातून पाहू.

समजा, एका आजोबांना बचत खात्यावर 4,300 रुपये व्याज मिळालं. दर तिमाहीला व्याज देणाऱ्या ठेवीचे वर्षाचे 32,400 रुपये खात्यात आले. पासबुकात एवढंच दिसतं, एकूण 36,700. कलम 80 टीटीबीखाली ज्येष्ठांना व्याजावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट आहे, म्हणजे कर नाही, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण त्यांची एक पुनर्गुंतवणुकीची ठेवही आहे. तिचं 41,600 रुपये व्याज हातात आलेलं नाही, ते मुद्दलात मिसळत गेलं. तरी बँकेनं ते त्या वर्षाचं व्याज म्हणून धरलं आहे. एकूण झाले 78,300. वजावट जाऊन 28,300 रुपये उत्पन्नात मोजावे लागतील. आणि ठेवींचं व्याज 74,000, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या 1 लाखाच्या मर्यादेच्या आत, म्हणून टीडीएसही कापला गेला नाही. पासबुकात सावध करणारी एकही नोंद नाही. जमा धरलेल्या व्याजाचा आकडा दाखल्यातूनच कळतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: ही 50,000 ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत हे सगळे 78,300 उत्पन्नात धरले जातात.

टीडीएस कापला असेल तर फॉर्म 16 ए वेगळा मागा. तो व्याजाच्या दाखल्यात येत नाही, आणि पुष्कळदा काउंटरवर एकाऐवजी दुसरा दिला जातो.

अर्जावर सही बँकेतल्या नमुन्यासारखीच हवी. हात थरथरत असेल आणि सही बदलली असेल, तर ओळखपत्राची प्रत जोडा आणि स्वतः जाता आलं तर जा. मुलाला किंवा सुनेला पाठवायचं असेल तर त्यांचं नाव आणि आपली सही असलेलं अधिकारपत्र सोबत द्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती स्थळप्रत घरी ठेवा. दाखल्यासाठी ओटीपी किंवा पासवर्ड लागत नाही, तो अर्जात लिहू नका आणि फोनवरही सांगू नका.

दाखला मिळाला की काउंटर सोडण्याआधी कालावधी आणि पॅन वाचा, आणि घरून नेलेल्या ठेवींच्या यादीतली प्रत्येक ठेव त्यात आहे का, बोट ठेवून पाहा. मग प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातला, म्हणजे एआयएसमधला, व्याजाचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. फरक दिसला तर आधी संयुक्त खातं तपासा: व्याज सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर नोंदलं जातं. तसं नसेल, तर कोणत्या ठेवीच्या रकमेत फरक आहे ते खाते क्रमांकासह लिहून त्याच शाखेला दुसरा अर्ज द्या, सोबत स्थळप्रतीची झेरॉक्स जोडा.