काल्याचं कीर्तन, 43 डिग्री अन् एकच मोबाईल

(दृश्य: गावातला मांडव, सतरंज्या टाकणं चालू, एक पोरगा ट्रायपॉड लावतोय)

एप्रिलचा शेवटचा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सप्त्याचा शेवटचा दिवस. दहाला काल्याचं कीर्तन उभं राहणार आणि दहीहंडी फुटता फुटता एक वाजणार, म्हणजे सलग तीन तासांचं रेकॉर्डिंग, ते पण एका मोबाईलवर, आणि दुपारी पारा 43 च्या घरात. गावचे जे लोक कामासाठी पुण्या-नागपुरात आहेत ते संध्याकाळी हेच पाहणार, म्हणून ते मधेच तुटून चालत नाही.

असं रेकॉर्डिंग तुटतं ते बहुतेक बाराच्या पुढे. आधी स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप खाली येतो, आपण बोटानं वाढवला तरी परत उतरतो. मग चित्र अडकायला लागतं, टाळकऱ्याचा हात वर गेला की एकदम खालीच दिसतो, मधलं काही नाही. आणि शेवटी मेसेज येतो की फोन गरम झालाय, कॅमेरा बंद होतोय. पहिली खूण दिसली तिथंच जागं व्हायचं, कारण मेसेज आल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

हे होतं काहून? व्हिडिओ काढताना फोनची चिप प्रत्येक सेकंदाला चित्र दाबून लहान करत असते, ती तापते. स्क्रीन चालू असते, ती तापते. बॅटरीतून करंट जातो, ती पण तापते. ही सगळी गरमी फोनच्या पाठीतून हवेत जायला पाहिजे, पण हवाच 43 ची असली तर जाणार कुठं? काही कंपन्या तर स्वतःच सांगतात की फोन 35 डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा, आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारी ती हद्द सावलीत पण ओलांडली जाते. साधा पंखा लावला तर फायदा होतो, गरमी लवकर निघते, पण 43 च्या हवेनं फोन 43 च्या खाली येत नाही हे लक्षात ठेवा.

आपल्याकडं त्यावर घरोघरी एक गोष्ट आहे, कूलर. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून कूलर इथं चांगलाच थंड वारा देतो. मांडवात महाराजांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी कूलर लावलेलाच असतो, त्याच्या वाऱ्याच्या पट्ट्यात ट्रायपॉड येईल अशी जागा सकाळीच ठरवायची. फक्त एकदम तोंडाशी नको, पाण्याचे शिंतोडे उडतात आणि घरघर आवाजात येते. चार-पाच हात लांब, थोडं बाजूला ठेवा, आणि आवाज शक्यतो साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वेगळा घ्या. फोनचं कव्हर काढून टाका. टिनाच्या शेडखाली उभं राहू नका, वरून तापलेलं टिन भट्टीसारखं खाली गरमी फेकतं. बर्फ, फ्रीज, ओला रुमाल यातलं काहीच नको, थंड फोनवर दमट हवा लागली की आत पाणी धरतं.

(दृश्य: फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग जवळून)

आता मोठा निर्णय, क्वालिटी किती ठेवायची. माझं मत सरळ आहे, अशा कामाला 1080p, 30 फ्रेम. 4K मधे चित्रातले ठिपके चौपट, म्हणजे चिपला काम तेवढं जास्त, गरमी जास्त, जागा पण जास्त. आणि पाहणारा माणूस मोबाईलवरच पाहणार आहे.

जागेचा हिशेब दुसऱ्याला विचारू नका, आपल्याच फोनवर काढा. एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा आणि डिटेल्समधे त्याची साइज पाहायची. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 1080p ला ती 130 एमबीच्या आसपास येते. तीन तास म्हणजे 180 मिनिटं, 130 गुणिले 180, झाले साधारण 23 जीबी. तोच हिशेब 4K ला करा, मिनिटाला 360 एमबी धरले तर 65 जीबी जातात. फोनमधे 35-40 जीबी मोकळी असेल तर 1080p आरामात बसतं. पण 25 मोकळी आणि 23 लागणार असं काठावर जाऊ नका, फोनची मेमरी गच्च भरत आली की लिहिण्याचा स्पीड पडतो.

जागा नसली तर मेमरी कार्ड, आणि इथं दुकानात बरेच जण फसतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात 100 एमबी, 150 एमबी लिहिलेलं असतं, तो वाचायचा स्पीड आहे. आपल्याला लिहिण्याचा पाहिजे. तो लहान खुणांमधे असतो, गोलातला 10 म्हणजे सेकंदाला कमीत कमी 10 एमबी, V30 म्हणजे कमीत कमी 30. वरचा हिशेब धरला तर 1080p ला सेकंदाला 2 एमबीच्या थोडं वर लागतात, 4K ला 6, म्हणजे कागदावर साधं कार्ड पण पुरतं. तरी V30 घ्या, कारण जुन्या, अर्धवट भरलेल्या, तुकडे तुकडे झालेल्या कार्डावर तो स्पीड टिकेलच असं नाही. कार्यक्रमाच्या आधी डेटा काढून घेऊन त्याच फोनमधे फॉरमॅट मारा.

अजून एक, बाजारातलं स्वस्त 256 जीबी कार्ड बऱ्याचदा नकली असतं, आतमधे जागा खूप कमी, वर आकडा मोठा. नाव दिसतं, फाइल दिसते, उघडत नाही. कॉम्प्युटरवर H2testw नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून दाखवतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

सगळ्यात मोठा घात वेगळाच आहे. एमपीफोर फाइलमधे कोणतं चित्र कुठं आहे याची यादी बहुतेक फोन शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहितात. मधेच फोन बंद पडला तर दोन तासांचा डेटा कार्डावर असतो पण यादी नसते, मग व्हिडिओ चालतच नाही. तो परत मिळवायचे मार्ग आहेत पण भरवशाचे नाहीत. म्हणून तीन तास एकाच फाइलमधे ठेवू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी, महाराज थांबले आणि टाळकऱ्यांनी गजर धरला की स्टॉप, तीन सेकंद थांबा, परत स्टार्ट. गजर चालू असतो, बोलण्याचा एक शब्द जात नाही, आणि फोन बंद पडला तरी मागचे तुकडे शाबूत राहतात.

(दृश्य: पॉवर बँक, ट्रायपॉडच्या पायाशी सावलीत)

चार्जिंगचं असं करा. फोन सकाळी सातपर्यंत भरून घ्या, म्हणजे दहापर्यंत तो गार होतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पॉवर बँक लावायचीच असेल तर सेटिंगमधून फास्ट चार्जिंग बंद करा, कारण वेगानं चार्ज होताना बॅटरी जास्त तापते. फोन खूप तापला की तो चार्जिंग स्वतःच रोखतो, केबल लागलेली असते, निशाणी असते, पण टक्के चढत नाहीत. तेव्हा केबल काढून घ्या, उगाच लावून ठेवू नका. फ्लाइट मोड ठेवा, त्यानं फोन येऊन रेकॉर्डिंग थांबत नाही आणि नेटवर्क शोधण्याची गरमी पण वाचते. एकदा फ्रेम जमली की स्क्रीनचा ब्राइटनेस दिसेल इतकाच.

आदल्या दिवशी, बरोबर दुपारी बाराला, त्याच जागेवर, तेच कार्ड, तीच सेटिंग लावून अर्धा तास रेकॉर्ड करून पाहा. सकाळी आठची ट्रायल काही कामाची नाही. अर्ध्या तासात ब्राइटनेस खाली आला तर जागा बदला, कूलर जवळ घ्या, आणि तरी जमलं नाही तर दुसऱ्या कोणाचा मोबाईल सावलीत, बंद करून तयार ठेवा, बारा वाजता तो ट्रायपॉडवर चढवायचा आणि तापलेला उतरवायचा.

दहीहंडी फुटली, महाप्रसादाच्या पंगती बसल्या की लगेच फाइली डिलीट मारू नका. फोन गार होऊ द्या, सगळे तुकडे कॉम्प्युटरवर नाहीतर दुसऱ्या कार्डावर घ्या, आणि प्रत्येक तुकडा शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवून पाहा, मगच मोबाईल खाली करा.