लाल्या, कुंकू आणि आलवण

(जळगावातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कवितेतील रंगांची प्रतीके’. त्याकडे येतोच, पण आधी सांगा, ज्यांच्या घरी आत्ता कापूस भरून ठेवलाय असे इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! मग माझं काम सोपं झालं, कारण आजची गोष्ट कापसाचीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात काव्यस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. आम्ही तिघे परीक्षक. अमळनेरकडच्या एका खेड्यातली मुलगी उभी राहिली. हातात वहीचं फाडलेलं पान. चारच ओळी वाचल्या आणि खाली बसली.

हिरव्यावर लाल चढला,
पांढरं घरी आलं नाही.
मायच्या कपाळावरचं लाल
तेवढं पांढरं झालं.

टाळ्या पडल्या नाहीत. माझ्या शेजारचे परीक्षक, वयाने आणि मानाने मोठे, कागदावर लिहीत होते. नंतर ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “लाल म्हणजे क्रांती, पांढरा म्हणजे शांती. क्रांती झाली पण शांती घरी आली नाही, हा आशय चांगला. पण शेवटी कवयित्री गोंधळली. आईच्या कपाळी शांती आली म्हणते, मग घरी का आली नाही?” दहापैकी चार गुण दिले.

मला तेव्हाच खटकलं होतं. मी बोललो नाही, आणि ते मला आजही बोचतं. चहाच्या वेळी त्या मुलीला गाठलं. विचारलं, “बेटा, पहिल्या ओळीतला लाल कोणता?” ती म्हणाली, “सर, आमना वावरमा लाल्या उना.”

हात वर करणाऱ्यांना आता पुढचं सांगायलाच नको. पण बाकीच्यांसाठी सांगतो, कारण कवितेचं कुलूप इथे आहे. लाल्या म्हणजे कपाशीचं पान लाल पडणं. बोंडं भरायच्या दिवसांत झाडाला अन्न कमी पडतं, मॅग्नेशियम कमी पडतं, कधी पाण्याचा ताण बसतो, कधी तुडतुडे रस शोषतात, रात्री गार पडतात. पानातला हिरवा रंग ओसरतो आणि लाल वर येतो. मॅग्नेशियमची कमतरता असली तर आधी खालच्या जुन्या पानांवर दिसतो. शिरा हिरव्याच राहतात, मधली जागा आणि काठ लाल होतात. बाहेरून येणारा रस्त्यावरून जाताना म्हणेल, वा, काय सुंदर लाल शेत! शेतकरी मात्र बांधावर खाली बसतो. पानं गळतात, बोंडं लहान राहतात, नीट उलत नाहीत. म्हणून ‘पांढरं घरी आलं नाही’. पांढरं म्हणजे कापूस. शांती वगैरे काही नाही. घरातलं कर्ज, लग्न, शाळेची फी, सगळं त्या पांढऱ्यावर असतं. उगाच कोणी त्याला पांढरं सोनं म्हटलेलं नाही.

आता तिसरी ओळ. आईच्या कपाळावरचं लाल म्हणजे कुंकू. ते पांढरं झालं, म्हणजे वडील गेले. ‘पांढऱ्या कपाळाची’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय, कोणीतरी कोणाला तरी लावलेलाही ऐकलाय. चार ओळींत लाल दोनदा येतो: एकदा संकट म्हणून, एकदा सौभाग्य म्हणून. पांढराही दोनदा येतो: एकदा न आलेली लक्ष्मी म्हणून, एकदा वैधव्य म्हणून. आणि त्या ‘तेवढं’ शब्दाकडे बघा. जे पांढरं शेतातून यायचं होतं ते आलं नाही, आलं तेवढं कपाळावर आलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरीने हे एका शब्दात बांधलं आणि आपण तिला ‘गोंधळली’ म्हणालो. आत जाऊन मी हे सगळं सांगितलं. निकाल आधीच जाहीर झाला होता.

थोडं कुंकवाबद्दल. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात. हळद पिवळी असते, टाकणखारासारखं क्षारयुक्त द्रव्य लागलं की लाल होते. घरी बघायचं असेल तर चिमूटभर हळदीत पान खायचा चुना मिसळा, हाताला लाल लागेल. म्हणजे कुंकवाचा लाल हा मुळात पिवळ्याच्या पोटातला आहे. आपल्या बहिणाबाईंनी या लालाला जी जागा दिली ती मला फार मोठी वाटते. त्या म्हणतात की कुंकवाखाली नशिबाची रेघ लपलेली होती, कुंकू पुसलं आणि रेघ उघडी पडली. तिथे लाल म्हणजे प्रेम नाही, धोकाही नाही. तिथे लाल म्हणजे झाकण. कपाळ आणि रेघ हे शब्द शेजारी नसते तर हा अर्थ कुठल्याच यादीत सापडला नसता.

आणि लाल म्हणजे सौभाग्यच, असंही धरून चालू नका. आपल्याच महाराष्ट्रात केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवा आलवण नेसत, आणि ते बहुधा तांबडं असे. कपाळावरचा लाल पुसायचा आणि अंगभर लाल गुंडाळायचा! जुन्या काळच्या कवितेत तांबडं नेसलेली बाई आली तर ती नवरी की विधवा, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. डोक्यावर केस आहेत का, कपाळ कसं आहे, घरात ती कुठे उभी आहे, हे बघावं लागतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. विषय तर अजून राहिलाच आहे, भरभर सांगतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात रसांचे रंग दिले आहेत. शृंगार लाल असेल असं आपल्याला वाटतं, पण तो श्याम आहे. लाल रौद्राचा. पांढरा हास्याचा. संस्कृत कवींचा संकेतही तसाच, कीर्ती पांढरी आणि हसूही पांढरं. म्हणून तिथे चंद्रासारखं पांढरं यश दिसलं तर त्यात शोक शोधायचा नाही. चिनी परंपरेत लग्न लाल आणि सुतक पांढरं. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने 1840 साली लग्नात पांढरा पोशाख घातला, पुढे ती रीत युरोपात पसरली. म्हणजे इंग्रजी कवितेतली पांढऱ्या वेशातली नवरी आणि आपल्याकडची पांढऱ्या लुगड्यातली बाई यांचा रंग एकच, अर्थ उलटे. आपल्या गावगाड्यात तर ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावाची वस्ती. तिथला पांढरा माणसांनी भरलेला असतो.

मग वाचायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो. रंग कशावर बसलाय: पानावर, कपाळावर, कापडावर? बोलणारा कोण आणि कुठला? आणि त्याच कवितेत त्या रंगासमोर दुसरा कोणता रंग उभा केलाय? त्या मुलीच्या कवितेत लालाच्या आधी ‘हिरव्यावर’ आहे. परीक्षकाने तेवढा एक शब्द वाचला असता तर तो थेट शेतात पोचला असता. ही पद्धत सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. कवी मुद्दाम संकेत मोडतो तेव्हा, किंवा स्वतःच्या घरातल्या एखाद्या वस्तूचा रंग वापरतो तेव्हा, आपल्याला कवीला किंवा त्याच्या गावाला विचारावं लागतं.

अध्यक्ष उठले, थांबतो. ते फाडलेलं पान मी तिच्याकडून मागून घेतलं होतं, आज सोबत आणलंय. ज्यांना बघायचं असेल त्यांनी खाली या.