पायमोज्यातला आकडा

(नवपालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कोरोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ऑक्सिमीटर आला. आजीचं बोट गार असलं की तो ८८ दाखवायचा आणि घरभर धावपळ व्हायची. हात चोळून पुन्हा लावला की ९७. तेव्हा आपण सगळेच शिकलो की आकडा आला म्हणजे तो खराच असतो असं नाही. तेच यंत्र आता बाळाच्या पायमोज्यात बसवलेलं मिळतं, मोबाईलला जोडलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता वाजतं. त्या वेळी मात्र हे शिकलेलं कुणाला आठवत नाही. आठवणार कसं? समोर तीन महिन्यांचं बाळ असतं.

गेल्या वर्षी एक जोडपं माझ्याकडे आलं. वेळेवर जन्मलेलं, वजन छान वाढणारं बाळ. अमेरिकेतल्या मामाने बारशाला असा पायमोजा पाठवला होता. दहा दिवसांत तीन वेळा ते मध्यरात्री बाळाला घेऊन कॅज्युअल्टीत गेले. तिन्ही वेळा तिथे ऑक्सिजन ९८-९९ आला, आणि डॉक्टरांनी ‘काही नाही, घरी जा’ म्हणून पाठवलं. आईला त्याने धीर आला नाही. ती म्हणाली, “सर, आम्ही पोचेपर्यंत बाळ बरं झालेलं असतं. पण घरी ७८ होतं ना!”

तिचं म्हणणं मला उडवून लावायचं नव्हतं. मी तिच्या मोबाईलवर त्या रात्रीची नोंद उघडली. २ वाजून ४० मिनिटांनी ऑक्सिजन ७८, आणि त्याच ओळीत नाडी ९४. मी विचारलं, “त्या वेळी बाळ काय करत होतं?” “रडत होतं, पाय झाडत होतं.” रडणाऱ्या तीन महिन्यांच्या बाळाची नाडी ९४ नसते. ती १५०-१६०च्या पुढे असते. म्हणजे त्या घटकेला यंत्राला नाडीच सापडलेली नव्हती, आणि जिथे नाडी चुकते तिथे ऑक्सिजनचा आकडाही धरायचा नसतो.

याचं कारण यंत्राच्या कामातच आहे. ते कातडीतून लाल आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, असे दोन प्रकारचे प्रकाश सोडतं. प्रत्येक ठोक्याला रोहिणीत रक्त येतं, तेवढ्यापुरता परत मिळणारा प्रकाश बदलतो, आणि त्या इवल्याशा चढउतारावरून ऑक्सिजनचं गणित होतं. पाय झाडला की शिरांमधलं रक्तही हलतं आणि यंत्र त्यालाच ठोका समजतं. पाऊल गार असलं, मोजा सैल बसला, सेन्सर सरकला, तरी तेच होतं. रुग्णालयातल्या मॉनिटरवर आकड्याशेजारी एक लाट धावत असते. आम्ही आधी ती लाट बघतो. ती वेडीवाकडी असेल तर आकड्याकडे लक्षच देत नाही. घरच्या ॲपवर बहुधा ती लाट नसते. नुसता आकडा दिसतो, आणि भोंगा वाजतो.

अचूकतेची तपासणी झालेली आहे. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी ३० बाळांवर बाजारातली अशी दोन उपकरणं रुग्णालयाच्या मॉनिटरशी ताडून पाहिली. एकाला ऑक्सिजन खरंच कमी झालेला कधी कळला, कधी कळला नाही. दुसऱ्याला तो एकदाही कळला नाही, आणि वर नाडी खोटीच कमी दाखवली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये आउलेट कंपनीला पत्र पाठवून सांगितलं की तुमचा मोजा नाडी-ऑक्सिजन मोजून धोक्याची सूचना देतो, म्हणजे तो वैद्यकीय उपकरण आहे आणि त्याला आमची मंजुरी नाही. कंपनीने तो अमेरिकेत विकणं थांबवलं, आणि नव्या मोज्याला २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली, ती १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी. पण झोपेत अचानक होणारा बालमृत्यू टळतो, असा दावा त्या मंजुरीत नाही.

ही भीती प्रत्येक आईबापाच्या मनात असते, म्हणून यावर थोडं थांबतो. अमेरिकेत १,०७९ बाळांवर घरच्या घरी मॉनिटर लावून एक मोठा अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेळेवर जन्मलेल्या, पूर्ण निरोगी बाळांपैकी शेकडा ४३ बाळांमध्ये निदान एकदा तरी श्वास थांबल्याची किंवा ठोके मंदावल्याची अशी नोंद झाली, जी तेव्हाच्या नेहमीच्या मोजपट्टीने ‘धोक्याची’ ठरली असती. लहान बाळाचा श्वास असाच असतो. भरभर घेतं, पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२२च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते की हा मृत्यू टाळण्यासाठी घरी मॉनिटर वापरू नका. ज्याने धोका खरंच कमी झाला ते साधं आहे: बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, तोंडाजवळ उशी-दुलई नाही, आणि घरात विडी-सिगारेट नाही. मोजा आहे म्हणून बाळाला पोटावर झोपवणारे पालक मी पाहिलेत. हा धोका मला खोट्या अलार्मपेक्षा मोठा वाटतो.

आता अलार्मचं साधं गणित करू. समजा यंत्र हजारात फक्त एकदा चुकतं आणि दर मिनिटाला एक आकडा देतं. दहा तासांच्या रात्रीत ६०० आकडे, म्हणजे आठवड्याला साधारण चार खोटे अलार्म. निरोगी बाळात खरा अलार्म जवळजवळ येतच नाही. तेव्हा वाजणारे सगळे खोटेच निघतात, आणि आई मात्र प्रत्येक वेळी धडधडत्या छातीने उठते.

ॲप बाळाच्या झोपेला जे गुण देतं, त्यांचंही तसंच आहे. बाळावर नजर ठेवणारा कॅमेरा किंवा मोजा मुख्यतः हालचालीवरून झोप ठरवतो. लहान बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. कुरकुरतं, हसतं, हात उडवतं, क्षणभर डोळेही किलकिले करतं. यंत्र लिहितं ‘जागं’. आई जाऊन उचलते, आणि मग बाळ खरंच जागं होतं.

मॉनिटर लागतच नाही असं मी म्हणत नाही. खूप आधी जन्मलेलं बाळ घरी ऑक्सिजनवर पाठवलं असेल, तर आम्ही स्वतः वैद्यकीय ऑक्सिमीटर लिहून देतो. पण तेव्हा कोणत्या आकड्याला काय करायचं हे कागदावर लिहून देतो आणि आईवडिलांना श्वास द्यायला शिकवतो. आकडा वाजल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसेल, तर भीती तेवढी वाढते.

त्या आईला मी तीन गोष्टी सांगितल्या. अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघा: ओठ आणि जीभ गुलाबी आहेत का, छाती हलते का, हात लावल्यावर प्रतिसाद देतं का. जीभ निळी, बाळ गळाठलेलं, छाती आत ओढली जातेय, असं असेल तर मोबाईल काहीही म्हणो, लगेच निघा. बाळ ठीक दिसलं तर मोजा सारखा करा, पाय गरम करा, आणि ॲपची नाडी छातीवर हात ठेवून मोजलेल्या ठोक्यांशी जुळते का पाहा.

मग मी तिला विचारलं, बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप येते का? ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचा नवराच म्हणाला, “सर, ती मोबाईल हातात घेऊन बसते. बाळ पाच तास झोपतं, ही दीड तास.” बाळंतपणानंतर बाळ निवांत झोपलेलं असताना आईला झोप लागत नसेल, तर तपासणी आईची करावी लागते. मी तिला बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी असलेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली भरायला दिली आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मोजा काढायला मी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी लसीकरणाला आले तेव्हा तो बाळाच्या पायात नव्हता. आजी म्हणाली, चार्जिंग संपलं होतं, कुणी लावलंच नाही.