रकाना बारा: ‘हिन’, ‘मेक्स’ आणि एकच घर

अमेरिकेच्या जुन्या जनगणनेचे तक्ते वाचताना मराठी माणूस एका शब्दापाशी हमखास अडखळतो. 1920, 1930 आणि 1940 या तिन्ही गणनांत वंशाच्या रकान्यात ‘हिन’ अशी नोंद सापडते. ते ‘हिंदू’चं लघुरूप, पण त्याचा धर्माशी संबंध नाही. हिंदुस्थानातून आलेल्या कोणालाही ते लावत, आणि कॅलिफोर्नियात असे लोक बहुतेक पंजाबी शीख होते. तेव्हा ‘हिन’ वाचून पूर्वज हिंदू होता असं लिहू नका.

आता कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीतलं एक घर नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणा. नवरा पंजाबात जन्मलेला, बायको मेक्सिकोत, मुलगी कॅलिफोर्नियात. अशी लग्नं तिथे बरीच झाली. 1930च्या तक्त्यात वंशाच्या, म्हणजे बाराव्या, रकान्यात नवरा ‘हिन’, बायको ‘मेक्स’, मुलगी ‘हिन’. दहा वर्षांनी नवरा आणि मुलगी तशीच, बायको मात्र ‘गोरी’.

बाई बदलली नाही, नियम बदलला. 1930मध्ये ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून पहिल्यांदाच मोजला गेला. त्याला मेक्सिको सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी विरोध केला. म्हणून 1940मध्ये, प्रगणकाला कोणी स्पष्टपणे मूळ अमेरिकन किंवा अन्य बिगरगोऱ्या वंशाचं वाटत नसेल, तर त्या मेक्सिकन व्यक्तीला गोरं लिहायचं ठरलं.

मुलीची नोंद तर त्याहून फसवी. दोन्ही वेळा अक्षरं तीच, कारणं वेगळी. 1930मध्ये आईवडील दोघंही बिगरगोरे असतील, तर सहसा वडिलांचा वंश मुलांना लावायचा होता. 1940मध्ये आई कागदावर गोरी झाली, आणि गोऱ्या-बिगरगोऱ्या जोडप्याच्या मुलांना बिगरगोऱ्या पालकाचा वंश लागत असे. प्रगणकाने सूचना नीट पाळली नसेल, तर 1930मध्ये हीच मुलगी ‘मेक्स’ही सापडेल.

म्हणून नोंद जुळत नाही म्हटल्याबरोबर ‘हे कुटुंब दुसरंच’ असं ठरवू नका. आधी त्या वर्षीची प्रगणकांची सूचना वाचा. मग त्याच पानावरची शेजारची घरं पाहा: बाकीच्या पंजाब्यांना त्याच माणसाने काय लिहिलंय? अक्षरं खोडून वर वेगळ्या हाताने लिहिलेली असतील, तर ती कचेरीतली दुरुस्ती असण्याचा संभव मोठा. 1940मध्ये माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली आहे. त्याआधीच्या तक्त्यांत ती नाही, त्यामुळे नवरा शेतावर असताना शेजाऱ्याने काय सांगितलं ते कळायला मार्ग नाही.

विवाहनोंदणीचा कागद आणखी वेगळा. कॅलिफोर्नियात 1948पर्यंत गोऱ्यांना काही वंशांशी लग्न करायला कायद्याने बंदी होती, आणि परवाना द्यायचा की नाही हे काउंटीचा कारकून समोरच्या दोघांच्या रंगाकडे पाहून ठरवी. दोघं सारख्या रंगाची दिसली तर परवाना मिळे, म्हणून तिथल्या शब्दाला जनगणनेतल्या शब्दाचा पुरावा मानू नये. वंशावळीत ‘वंश: हिंदू’ असं न लिहिता ‘1930, रकाना 12: हिन’ असं जसंच्या तसं उतरवा. जन्मस्थान आणि मातृभाषेचे रकानेही शेजारी टिपा. पंजाब की मेक्सिको, हे ठरवताना ते वंशाच्या रकान्यापेक्षा जास्त कामी येतात.