एका आरमाराची तीन उत्तरं

गेल्या वेळी इथंच, रामबागेत, मी तुम्हाला आरमाराचं एक कोडं वाटलं होतं. निघताना एका आजोबांनी आणि सातवीतल्या एका मुलीनं आपापला कागद दाखवला. उत्तरं वेगळी, आणि दोन्ही बरोबर! चूक कोडं रचणाऱ्याची, म्हणजे माझी. तेच कोडं आज फळ्यावर मांडतो.

हा प्रकार अर्जेंटिनातला. हाइमे पोनियाचिक यांनी तो रचला आणि १९८२ मध्ये तो तिथल्या मासिकात आला. एरवी पाट दहा बाय दहाचा असतो, आपण सहा बाय सहाचा घेऊ. एक जहाज तीन घरांचं, दोन जहाजं दोन-दोन घरांची, तीन होड्या एकेका घराच्या. कुणी कुणाला शिवायचं नाही, कोपऱ्यानंसुद्धा नाही. ओळींच्या बेरजा, म्हणजे त्या-त्या ओळीत जहाजांनी भरलेली घरं, वरून खाली २, १, २, २, ०, ३. रकान्यांच्या डावीकडून १, ४, ०, १, १, ३. खूण एकच: तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात जहाजाचा मधला तुकडा.

मधला तुकडा फक्त तीन घरांच्या जहाजाला असतो. ते आडवं असतं तर त्या ओळीत तीन घरं भरली असती, पण बेरीज दोनच आहे. म्हणजे ते उभं, दुसऱ्या ते चौथ्या ओळीपर्यंत. दुसऱ्या रकान्यात चार हवीत. जहाजाच्या टोकांना लागून पाणीच असणार, म्हणून चौथं घर अगदी तळाशी, सहाव्या ओळीत. पहिल्या रकान्याचं एकुलतं घरही तिथंच, कारण त्याच्या वरच्या पाचही घरांना मोठं जहाज चिकटतं. झालं, दोन घरांचं एक जहाज सापडलं.

आता सगळा प्रश्न उजवीकडच्या तीन रकान्यांचा. पहिल्या ओळीत दोन घरं भरायची आहेत. चौथं-पाचवं भरलं तर खालची तिन्ही घरं सहाव्या रकान्यात जातात आणि जोडजहाजं तीन होतात, म्हणून ते बाद. पाचवं-सहावं भरलं तर ते दुसरं जोडजहाज होतं. मग तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या होड्या एक चौथ्या रकान्यात, एक सहाव्यात. कुठली वर, कुठली खाली, हे ठरवायला काहीच नाही. तळाची होडी सहाव्यात. ही झाली दोन उत्तरं. चौथं आणि सहावं भरलं तर मात्र त्या दोन ओळींतली घरं सहाव्या रकान्यात एकाखाली एक येतात, तेच जोडजहाज, आणि तळाची होडी पाचव्यात. हे तिसरं.

बेरजा तिन्ही वेळा जुळतात, म्हणून पडताळा घेऊनही दोष दिसत नाही. पहिल्या ओळीच्या पाचव्या घरात पाण्याची खूण द्यायला हवी होती. मग फक्त तिसरं उत्तर उरतं. सहाव्या ओळीच्या शेवटच्या घरात दिली असती तरी तेच उरलं असतं. पण त्याच ओळीच्या चौथ्या घरात दिली असती, तर तिन्ही उत्तरं जशीच्या तशी राहिली असती, कारण तिन्हींत ते घर रिकामंच आहे.