भडगावचं मडगाव कसं होतं
(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बाजारभावाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो, कुणीतरी त्यातला मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने, उचलतो आणि पुढे पाठवतो. त्यात ‘भडगाव’चं ‘मडगाव’ झालेलं असतं. वाचणारा हसतो आणि सोडून देतो. ही चूक मात्र नीट बघण्यासारखी आहे. धुळ्याचं ‘घुळे’, भुसावळचं ‘मुसावळ’, धरणगावचं ‘घरणगाव’ हीदेखील त्याच घराण्यातली.

भ आणि म शेजारी शेजारी मोठे करून बघा. ‘म’वरची शिरोरेषा अखंड आहे, ‘भ’वरची डावीकडे तुटलेली आहे आणि तिथे छोटीशी गाठ वळते. ध आणि घ यांच्यातही तेच: ‘घ’ची रेघ पूर्ण, ‘ध’ची तुटकी. म्हणजे दोन अक्षरांमधला फरक मुख्यतः एका फटीवर उभा आहे. मोबाइलच्या पडद्यावर अक्षर साधारण वीस पिक्सेल उंच असेल, तर ती फट एक-दोन पिक्सेलची असते. त्यात अक्षराच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून पडदा काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे पिक्सेल भरतो. अरुंद फटीत दोन्ही बाजूंचा करडा रंग मिळतो आणि फट बुजते. पुढे तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरला की जेपेग पद्धतीने दाबला जातो. ती पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देते. अक्षराचा ढोबळ आकार टिकतो, फट जाते. म्हणून ही चूक बहुतेक एकाच दिशेने होते: भचा म होतो, धचा घ होतो. मचा भ क्वचित दिसेल, कारण नसलेली फट तयार होण्यापेक्षा असलेली बुजणं सोपं. तपासताना याचा थेट उपयोग आहे. निकालातला प्रत्येक म आणि घ संशयित धरायचा, भ आणि ध बऱ्यापैकी निर्धास्त सोडायचे.

दुसरी जागा म्हणजे अनुस्वाराचं टिंब. तेही तीन-चार पिक्सेलचंच. स्क्रीनशॉट अगदी ओळीला चिकटवून कापला तर पहिल्या ओळीवरची सगळी टिंबं आणि रफार अर्धे कापले जातात. आपण बोलतो तसं लिहिलं तर टिंबं आणखी वाढतात: केलं, गेलं, कापसाचं, असं. ‘केलं’चं ‘केल’ झालं तर खटकतं, म्हणून सापडतं. घात करतो तो ‘त्यांचे’मधला अनुस्वार. ‘शेतकरी आणि त्यांचे पैसे’ याचं ‘त्याचे पैसे’ झालं तर दोन्ही शब्द शुद्ध आहेत, वाक्यही शुद्ध आहे. शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन इथे लाल रेघ मारणार नाही. मडगावलाही मारणार नाही, कारण मडगाव गोव्यात खरोखर आहे. ‘माल भरण्यापूर्वी भाव विचारा’ याचं ‘माल मरण्यापूर्वी’ झालं तरी यंत्राची हरकत नसते.

तिसरी जागा मराठीत खास जपायची आहे. ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ यातला ऱ्य. त्याची ती आडवी चंद्रकोरीसारखी खूण लहान असते, आणि हिंदीत ती जवळपास लागतच नाही. टेसरॅक्टसारख्या ओसीआर साधनात भाषा निवडताना हिंदीचं मॉडेल लागलेलं असेल, तर ‘शेतकर्यांना’ असं रफाराचं रूप येतं आणि ‘ळ’चेही हाल होतात. जळगावचं ‘जलगाव’ दिसलं की आधी भाषेची निवड बघा, फोटोला दोष नंतर द्या. रफार आणि ऱ्य यांची गल्लत नुसती दिसण्यापुरती नाही: आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांच्या खात्यावर पडते. शिवाय ही खूण युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवली जाते. एकात ऱ (U+0931), हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडणारा वर्ण (U+200D), मग य. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही.

आता काम प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू. शक्य असेल तर पाठवणाऱ्याला फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे पुन्हा दाबला जाणार नाही. त्यानंतर इमेजमॅजिकने चित्र राखाडी करून तिप्पट मोठं करायचं आणि भोवती पांढरी कड सोडायची. मोठं केल्याने हरवलेली फट परत येत नाही, हे लक्षात असू द्या. एवढंच होतं की टेसरॅक्टला जी अक्षरउंची मानवते तिच्या जवळ आपण जातो. वीसपेक्षा कमी पिक्सेलच्या अक्षरात ते चाचपडतं. कड यासाठी, की काठाला चिकटलेल्या ओळी त्याला नीट ओळखता येत नाहीत.

```
magick bhav.png -colorspace Gray -resize 300% -bordercolor white -border 30 mota.png
tesseract mota.png nikal -l mar --psm 6
```

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतील, तर `-resize` नंतर आणि कडेच्या आधी `-negate` घाला. क्रम उलटला तर कडच काळी होईल. `--psm 6` म्हणजे संपूर्ण चित्र हा मजकुराचा एकच ठोकळा समज. भावाच्या तक्त्यात हे फार महत्त्वाचं. ते दिलं नाही तर साधन स्वतःच रकाने शोधायला जातं, आधी सगळ्या गावांची नावं वाचतं आणि मग सगळे आकडे. प्रत्येक अक्षर बरोबर आणि तरी अमळनेरचा भाव चोपड्याला, अशी गत होते. अक्षरांच्या चुका मोजून ही चूक दिसणार नाही.

निकाल आल्यावर दोन गोष्टी यंत्राकडूनच शोधून घेता येतात. पहिली, इंग्रजी आणि देवनागरी अंक एकाच संख्येत मिसळले आहेत का. 3 आणि ३ इतके जवळचे आहेत की हे होतंच. दुसरी, संशयास्पद रफार.

```
grep -nP '[0-9],?[०-९]|[०-९],?[0-9]' nikal.txt
grep -nP 'र्[यह]' nikal.txt
```

दुसऱ्या ओळीत ‘कार्य’, ‘सूर्य’ असे खरे शब्दही येतील. ते डोळ्यांनी वगळायचे. चार-सहा शब्दांचं काम असतं.

आकड्यांसाठी मात्र तक्त्याचं गणित वापरा. समजा नमुन्याची एक ओळ अशी आहे: मका, आवक ४१२ क्विंटल, कमीत कमी १,६५०, जास्तीत जास्त २,०८०, सर्वसाधारण १,९२०. सर्वसाधारण दर नेहमी त्या दोघांच्या मध्ये पडायला हवा. ओसीआरने १,९२०चं ९,९२० केलं तर तो जास्तीत जास्तच्या वर गेला, सापडला. १,१२० केलं तर कमीत कमीच्या खाली गेला, सापडला. २,०८०चं शेवटचं शून्य टिंब समजून गळलं आणि २,०८ उरलं, तर स्वल्पविरामानंतर दोनच अंक राहिले, तेही सापडलं. पण १,९२०चं १,९५० झालं तर ते निर्विकारपणे मध्येच बसतं. त्यामुळे गणिताची चाळणी लावून झाल्यावरही प्रत्येक आकडा मूळ चित्राशी लावून बघावा लागतो. त्याला पर्याय मला माहीत नाही, आणि ‘आमचं ॲप अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे’ हे ऐकून थांबायचं नाही. हजार अक्षरांच्या पानात अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे वीस चुका, आणि त्या नेमक्या आकड्यांत असू शकतात.

लावून बघायची रीतही ठरलेली आहे. दोघं बसा. एकाने निकाल मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने चित्र बघायचं. उलटं करू नका: चित्र बघून वाचणारा माणूस अर्थ लावून नीटच वाचतो, आणि ऐकणाऱ्याची नजर ओळखीच्या शब्दांवरून घसरते. आकडे अंकाअंकाने वाचा, ‘एक, नऊ, दोन, शून्य’. एकोणीसशे वीस म्हटलं की कानाला सवय लागते. ‘त्यांचे’ आलं की ‘त्यां अनुस्वारासह’ असं म्हणा. म आणि घ आला की बघणाऱ्याने चित्र दुप्पट मोठं करून शिरोरेषेची डावी बाजू बघावी. माणूस एकटाच असेल तर दुसऱ्या साधनाने तोच फोटो वाचून घ्या आणि दोन्ही निकाल फाइल-तुलनेला लावा. जिथे दोघांत फरक, तिथे निदान एक चुकलेला आहेच. जिथे दोघं सारखे, तिथे मात्र दोघं एकत्र चुकलेले असू शकतात, कारण बुजलेली फट दोघांनाही बुजलेलीच दिसते.

अहिराणीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे म्हणी, लग्नातली गाणी यांचे स्क्रीनशॉट खूप फिरतात. मराठीचं मॉडेल नुसती अक्षरं बघत नाही. कुठल्या अक्षरामागे कुठलं येतं याची सवय त्याला मराठी मजकुरातून लागलेली असते, वर शब्दकोशही जोडलेला असतो. ‘तुन्हा’ हा शब्द त्यात नाही. ‘पुन्हा’ आहे, ‘गुन्हा’ही आहे. पहिलं अक्षर जरा फिकट असलं की यंत्र ओळखीच्या शब्दाकडे झुकतं आणि ‘तुन्हा भाऊ’चा ‘गुन्हा भाऊ’ होऊ शकतो. ‘जाई ऱ्हायना’मधला ऱ्हा तर मराठीतही विरळा. टेसरॅक्टमध्ये `load_system_dawg` आणि `load_freq_dawg` या दोन सेटिंग बंद केल्या की शब्दकोशाची ओढ कमी होते. सवयीची ओढ राहते, कारण ती मॉडेलच्या आतच मुरलेली असते. म्हणून अहिराणी मजकूर तपासायला अहिराणी बोलणाराच माणूस बसवा. प्रमाण मराठीचा चांगला मुद्रितशोधक इथे उलटा धोका, कारण तोही ‘पुन्हा’च करून टाकेल.

आणि चित्रात खरंच काही दिसतच नसेल, म्हणजे फट आहे की नाही हे चौपट मोठं करूनही कळत नसेल, तर अंदाजाने भरू नका. त्या अक्षराच्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका, ‘[?]डगाव’, आणि मूळ स्क्रीनशॉट त्याच नावाने मजकुराच्या शेजारी ठेवा.