मेंबरशिप संपल्यावर ‘फक्त मेंबरांसाठी’चा व्हिडिओ दिसतो का, हे नेमके कसे तपासावे

नमस्कार मंडळी. गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. एका ताईंनी लिहिले, “मी मेंबरशिप रद्द केली, तरी तुमचा मेंबरांचा व्हिडिओ मला दिसतो आहे, हे बरोबर आहे का?” स्वतः चॅनेल चालवणाऱ्या एका दादांनी थोड्या रागाने विचारले, “पैसे देणे थांबवलेले लोकही आत येत असतील, तर बाकीच्यांनी पैसे का द्यावेत?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी तपासणी करायला हवी, आणि ती बहुतेक जण चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या खात्यातून करतात. आज मी फक्त यूट्यूबच्या चॅनेल मेंबरशिपविषयी बोलणार आहे.

मूळ गोष्टी तुम्हांला माहीत आहेतच. ‘Join’ या बटणावरून दरमहा पैसे भरून मेंबर होता येते, आणि ज्या व्हिडिओची दृश्यता चॅनेलच्या मालकाने ‘Members only’ अशी ठेवली आहे, तो व्हिडिओ त्या स्तराच्या किंवा त्याहून वरच्या स्तराच्या मेंबरांनाच चालतो. व्हिडिओचे नाव आणि चित्र मात्र इतरांनाही दिसू शकते, म्हणून ‘दिसतो’ आणि ‘चालतो’ यांत फरक करा. तपासायचे आहे ते चालतो की नाही हे.

आता मुख्य मुद्दा. मेंबरशिप रद्द होणे आणि मेंबरशिप संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. रद्द केल्याने फक्त पुढचा हप्ता थांबतो. ज्या महिन्याचे पैसे आधीच दिलेले आहेत, तो महिना पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ चालतो आणि तो चालायलाच हवा, कारण त्याचे मोल दिलेले आहे. ताईंच्या बाबतीत हेच झाले होते. त्यांनी ९ मार्चला पैसे भरले, २० मार्चला मेंबरशिप रद्द केली आणि २१ मार्चला व्हिडिओ लावून पाहिला. तो चालला, यात कोणतीही गळती नाही. त्यांचा महिना ९ एप्रिलपर्यंतचा होता.

हीच गोष्ट चॅनेल चालवणाऱ्याच्या बाजूने पाहा. कुणीतरी आज मेंबरशिप रद्द केल्याचे कळले आणि उद्या तीच व्यक्ती मेंबरांच्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहिताना दिसली, तर तिच्यावर आरोप करू नका, कारण तिचा दिलेला काळ अजून चालू असेल. आणि भेट म्हणून मिळालेल्या मेंबरशिपच्या बाजूने पाहिले तर उलटे दिसते. ती एका महिन्याची असते आणि पुढे आपोआप वाढत नाही, त्यामुळे तिथे काहीही रद्द न करताच मेंबरशिप संपते आणि माणूस “मी तर काही बंद केले नव्हते” असे म्हणत राहतो. तिन्ही ठिकाणी पाहायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शेवटची तारीख. ती youtube.com/paid_memberships या पानावर पाहून लिहून ठेवा आणि तपासणी त्या तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या दिवशी करा.

तपासणी कोणत्या खात्यातून करायची, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चॅनेलच्या मालकाला स्वतःचा व्हिडिओ नेहमीच चालतो, म्हणून मालकाच्या खात्यातून पाहून “कुलूप तुटले” असा निष्कर्ष काढण्याला अर्थ नाही. शिवाय एकाच गूगल खात्याखाली दोन चॅनेल असतील, तर मेंबरशिप ज्या चॅनेलच्या नावाने घेतली त्यालाच मिळते. दुसऱ्या नावाने व्हिडिओ उघडलात, तर मेंबरशिप चालू असूनही दार बंद दिसेल आणि ती संपली असा गैरसमज होईल. म्हणून आधी वरच्या कोपऱ्यातील चित्रावर टिचकी मारून आपण कोण म्हणून बसलो आहोत, ते पाहा.

मी हे कसे तपासले, ते सांगतो. एका वेगळ्या खात्यातून माझ्याच चॅनेलच्या सर्वांत खालच्या, म्हणजे ५९ रुपयांच्या स्तराची मेंबरशिप घेतली, लगेच रद्द केली आणि महिना संपेपर्यंत थांबलो. शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, ब्राउझरमधले जुने पान नव्याने लोड करून, त्या स्तराचे चार व्हिडिओ त्याच खात्यातून उघडले. तीन व्हिडिओंवर अपेक्षित संदेश आला:

```
Join this channel to get access to members-only content
```

चौथा व्हिडिओ मात्र सुरळीत चालला. इथे घाई न करता मी तीच लिंक खासगी खिडकीत, म्हणजे कोणत्याही खात्यात न शिरता, उघडली, आणि तिथेही तो चालला. या एका पावलाने सगळे स्पष्ट होते. ज्याने कधीच पैसे भरले नाहीत त्यालाही व्हिडिओ चालत असेल, तर संपलेल्या मेंबरशिपचा प्रश्नच उरत नाही, त्या व्हिडिओला मेंबरशिपचे कुलूप लावलेलेच नाही. खासगी खिडकीत बंद आणि संपलेल्या खात्यात मात्र चालू, अशी स्थिती असेल तरच त्या खात्याचा काळ खरोखर संपला आहे का, हे पुन्हा पाहावे लागते.

माझ्या चौथ्या व्हिडिओचे कारण स्टुडिओमध्ये सापडले. त्याची दृश्यता ‘Unlisted’ होती. तो मी घाईत तसाच चढवला होता आणि त्याची लिंक मेंबरांसाठीच्या पोस्टमध्ये दिली होती. ही सवय अनेक मराठी चॅनेलवाल्यांना आहे आणि मला ती मनापासून खटकते, कारण तिथे कुलूप पोस्टला असते, व्हिडिओला नसते. पोस्ट संपलेल्या मेंबराला दिसत नाही हे खरे, पण लिंक त्याच्या ब्राउझरच्या इतिहासात किंवा घरच्या व्हॉट्सॲप गटात राहिलेली असते, आणि ‘Unlisted’ व्हिडिओ लिंक असणाऱ्या कुणालाही चालतो. पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांना आपण जे सांगतो, ते यात पाळले जात नाही.

उलट प्रकारही लक्षात ठेवा. काही चॅनेल व्हिडिओ आधी मेंबरांना दाखवतात आणि काही दिवसांनी सर्वांसाठी खुला करतात. असा व्हिडिओ संपलेल्या मेंबराला चालणे योग्यच आहे, आणि खासगी खिडकी तेही लगेच सांगते. तसेच “हा व्हिडिओ खासगी आहे” असा संदेश आला, तर तो मेंबरशिपचा नव्हे, मालकाने व्हिडिओ सर्वांपासूनच काढून घेतल्याचा असतो. जुन्या मेंबरांनी तो पाहून पुन्हा पैसे भरू नयेत, त्याने काही उघडणार नाही. संदेशात वरच्या स्तराचे नाव असेल, तर मात्र मेंबरशिप चालू असूनही तुमचा स्तर कमी पडतो आहे.

मी त्या चौथ्या व्हिडिओची दृश्यता ‘Members only’ करून योग्य स्तर निवडला, साठवले आणि त्याच वेगळ्या खात्यातून जुनीच लिंक पुन्हा उघडली. या वेळी मेंबर होण्याचा संदेश आला. मग जुन्या मेंबर-पोस्टमधील सगळ्या लिंका एकेक करून खासगी खिडकीत उघडायला बसलो, आणि आणखी दोन तशाच निघाल्या.